वजन दोन सेंटिमीटर ओढा की सहा, स्प्रिंगचा आवर्तकाल तोच का राहतो?

खाडीकाठ
नमस्कार. मी देवगड तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेतील लोखंडी स्टँड खाऱ्या हवेने गंजून डळमळू लागला आहे, म्हणून गेल्या शनिवारी चार मुलांना घरी बोलावले आणि पडवीच्या वाशाला स्प्रिंग टांगून सरल आवर्त गतीचा प्रयोग केला. स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान ४० ग्रॅम आहे. तिला २०० ग्रॅमचे वजन आकड्याने अडकवले, तेव्हा ती १० सेंटिमीटर ताणून स्थिर झाली. मग वजन त्या स्थिर जागेपासून २ सेंटिमीटर खाली ओढून सोडले आणि २० आंदोलनांचा वेळ मोजला. तो १३.१ सेकंद आला. ४ सेंटिमीटर ओढल्यावर १३.२ आणि ६ सेंटिमीटर ओढल्यावर पुन्हा १३.१ सेकंद आला. वेळ मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने घेतल्यामुळे एकदोन दशांशांचा फरक मी हाताचा समजते.

एका मुलाने विचारले, "मॅडम, सहा सेंटिमीटर ओढल्यावर वजनाला तिप्पट अंतर कापावे लागते, मग वेळ तेवढाच कसा?" मी T = 2π√(m/k) हे सूत्र लिहून दाखवले आणि त्यात आयाम, म्हणजे वजन किती ओढले ते अंतर, कुठेच नाही, असे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "तो त्यात का नाही, तेच मी विचारतो आहे." त्याचे बरोबर होते. सूत्र हे माझे उत्तर नव्हते, त्याच्याच प्रश्नाची ती दुसरी मांडणी होती. कलनशास्त्र न वापरता हे त्याला पटेल असे कसे सांगावे?

आणखी दोन गोष्टी अडल्या आहेत. याच सूत्राने २० आंदोलनांना १२.७ सेकंद लागायला हवेत, पण आम्हाला प्रत्येक वेळी १३.१ च्या आसपास मिळाले. आणि उत्साहाच्या भरात मुलांनी वजन १२ सेंटिमीटर ओढले, तेव्हा वरच्या टोकाला "टक्" असा आवाज येऊ लागला आणि वेळ १३.३ सेकंद झाला. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तो थोडा जास्तच आला.

कातळ
ताई, याचे उत्तर अगदी सरळ आहे. जास्त ओढल्यामुळे स्प्रिंग वजनाला जास्त जोराने खेचते, म्हणून वजन जास्त वेगाने जाते. अंतर वाढते तसा वेगही वाढतो, म्हणून वेळ तोच राहतो. झुलणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा नियम लागू आहे. आमच्या माजघरातला झोपाळा हळू झुलवला काय आणि जोरात झुलवला काय, एका झोक्याला तेवढाच वेळ लागतो.

जेटीवाला
मी हर्णै बंदरावर मासळीच्या व्यवहारात आहे. तुमच्या म्हणण्याशी माझा अनुभव जुळत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे टांगायचा स्प्रिंगचा काटा आहे. त्याला पाच किलोची सुरमई लावली की पारडे भराभर थरथरते आणि पटकन स्थिर होते. वीस किलोची टोपली लावली की ते संथपणे वरखाली होत राहते, आकडा वाचायला थांबावे लागते. म्हणजे वेळ बदलतो, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो. मग तो बदलत नाही, असे कसे म्हणता येईल?

दीपस्तंभ
रत्नागिरीत बरीच वर्षे हाच विषय शिकवला आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. आधी जेटीवाला यांच्या शंकेकडे वळतो, कारण तिचे उत्तर लवकर देता येते. तुम्ही पाहता ते खरे आहे, पण तुम्ही टोपलीचे वस्तुमान बदलत आहात आणि ताईंचा प्रश्न एकच वजन कमी-जास्त ओढण्याचा आहे. वस्तुमान वाढवले की आवर्तकाल वाढतोच. समजा, वीस किलोला तुमच्या काट्याची स्प्रिंग ४ सेंटिमीटर ताणते. मग एका आंदोलनाला सुमारे ०.४ सेकंद लागेल. पाच किलोला ती १ सेंटिमीटर ताणेल आणि आंदोलनाला सुमारे ०.२ सेकंद लागेल. वजन चौपट केले तर वेळ दुप्पट होतो, पारड्याचे स्वतःचे वजन इथे सोडून दिले आहे. आता वीस किलोची तीच टोपली एकदा बोटाने हलकेच आणि एकदा जरा जोराने दाबून सोडा आणि दोन्ही वेळची लय ऐका. ताईंचा प्रश्न तिथे आहे.

आता मूळ मुद्दा. कातळ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळे मर्म आहे. जास्त अंतराला जास्त वेग मिळतो, एवढ्याने वेळ सारखा राहत नाही. माडावरून नारळ पडतो तेव्हाही जास्त उंचीवरून येणारा नारळ जास्त वेगाने येतो. तरीही ५ मीटरवरून पडायला त्याला सुमारे १ सेकंद लागतो आणि २० मीटरवरून पडायला सुमारे २ सेकंद. अंतर चौपट झाले, पण सरासरी वेग दुप्पटच झाला, म्हणून वेळ वाढला. तेव्हा खरा प्रश्न असा विचारायला हवा की स्प्रिंगच्या बाबतीत वेग नेमका अंतराच्याच पटीत का वाढतो, थोडा कमी किंवा थोडा जास्त का नाही?

त्या मुलाला दोन अगदी सारख्या स्प्रिंगा शेजारी शेजारी टांगलेल्या कल्पून पाहायला सांगा. दोन्हींना २०० ग्रॅमची वजने आहेत. डावे वजन २ सेंटिमीटर आणि उजवे ६ सेंटिमीटर खाली ओढले आहे, आणि दोन्ही एकाच क्षणी सोडली आहेत. तुमच्या स्प्रिंगचा बलस्थिरांक १९.६ न्यूटन प्रति मीटर येतो, कारण २०० ग्रॅमच्या १.९६ न्यूटन वजनाने ती १० सेंटिमीटर ताणली. सोडताना डाव्या वजनावरचे निव्वळ बल ०.३९ न्यूटन असेल आणि उजव्यावरचे बरोबर तिप्पट. वस्तुमान सारखेच असल्याने त्वरणही तिप्पट असेल, म्हणजे डाव्याचे १.९६ आणि उजव्याचे ५.८८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता फक्त एक शतांश सेकंद जाऊ द्या. डाव्याचा वेग सुमारे २ सेंटिमीटर प्रति सेकंद होईल आणि उजव्याचा सुमारे ६. तेवढ्यात डावे सुमारे ०.०१ सेंटिमीटर सरकेल आणि उजवे सुमारे ०.०३. मध्यस्थानापासून डावे आता १.९९ सेंटिमीटरवर आहे आणि उजवे ५.९७ वर. म्हणजे अजूनही नेमके तिप्पट. अंतर तिप्पट असल्यामुळे पुढच्या शतांश सेकंदातही बल तिप्पट राहील, वेगातली वाढ तिप्पट राहील आणि सरकणेही तिप्पट राहील. हे प्रमाण स्वतःच स्वतःला टिकवते, ते बिघडायला कुठल्याच क्षणी कारण मिळत नाही. आता ज्या क्षणी डावे वजन मध्यस्थानी पोहोचेल, म्हणजे त्याचे अंतर शून्य होईल, त्या क्षणी उजव्याचे अंतर किती असेल? शून्याची तिप्पट शून्यच. दोन्ही वजने एकाच क्षणी मध्यातून जातात, फक्त डावे सुमारे २० आणि उजवे सुमारे ६० सेंटिमीटर प्रति सेकंद वेगाने. मोठे आंदोलन हे लहान आंदोलनाचेच तिप्पट ताणलेले चित्र आहे. ते उभ्या दिशेने ताणले आहे, वेळेच्या दिशेने नाही.

या सगळ्याला आधार एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे अंतर तिप्पट केले की बल नेमके तिप्पट होणे. नारळावरचे बल उंचीनुसार बदलत नाही, म्हणून तिथे जास्त उंचीला जास्त वेळ लागतो. उलट एखादी स्प्रिंग ताणत जाताना अधिकाधिक कडक होत असेल, तर तिच्यात मोठे आंदोलन लहानापेक्षा लवकर पुरे होईल. या दोहोंच्या मधली जी बरोबर सीमा आहे, तिच्यावर आपली स्प्रिंग बसते.

खाडीकाठ
सर, मनापासून आभार. "शून्याची तिप्पट शून्यच" हे वाक्य मी आज वर्गात फळ्यावर लिहिले आणि तो मुलगा बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःच विचारले की, वजन टांगलेले असल्याने गुरुत्वाकर्षणही खाली ओढतेच, ते तर तिप्पट होत नाही, मग हिशोब बिघडत नाही का? मी त्याला सांगितले की स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणून स्थिर झाली तेव्हाच गुरुत्वाकर्षणाची फेड झाली. पुढची सगळी अंतरे आपण त्या स्थिर जागेपासून मोजतो, आणि तिथून बघितले तर निव्वळ बल अंतराच्याच प्रमाणात असते. हे बरोबर सांगितले ना?

दीपस्तंभ
अगदी बरोबर सांगितले. गुरुत्वाकर्षण फक्त मध्यस्थान खाली सरकवते.

कातळ
नारळाचे उदाहरण मला पटले, आणि माझे विधान अपुरे होते हे मी मान्य करतो. पण मग झोपाळ्याचे काय? तो तर मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

दीपस्तंभ
झोपाळ्याच्या बाबतीत तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तिथला फरक खरोखरच लहान असतो. समजा, तुमच्या झोपाळ्याच्या कड्या २.२ मीटर लांब आहेत. लहान झोक्याला त्याचा आवर्तकाल सुमारे ३ सेकंद येईल. झोका दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत नेला, तर तो वेळ साधारण पावणेदोन टक्क्यांनी, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाने वाढतो. एका झोक्यात ते कळणे शक्य नाही, पण ३० अंशांचा झोका टिकवून धरून वीस झोके मोजले, तर एक सेकंदाचा फरक हाती लागतो. ६० अंशांना वाढ ७ टक्क्यांपेक्षा जास्त होते. कारण तेच आहे. कोन दुप्पट केला तर झोपाळ्याला मध्याकडे ओढणारे बल दुप्पट होत नाही, थोडे कमी पडते. म्हणून "झुलणारी प्रत्येक वस्तू" असे म्हणता येत नाही. झोपाळा फक्त लहान झोक्यांपुरता स्प्रिंगसारखा वागतो.

आता ताईंच्या १२ सेंटिमीटरच्या गोष्टीकडे येतो, कारण तिथेही हेच घडले आहे. तुमची स्प्रिंग स्थिर जागी १० सेंटिमीटर ताणलेली होती. वजन १२ सेंटिमीटर ओढून सोडले की ते वर जातानाही मध्यापासून १२ सेंटिमीटर जाऊ पाहते. पण १० सेंटिमीटरवरच स्प्रिंगचा ताण संपतो. त्यापुढे मध्याकडे ओढणारे बल वाढत राहायचे तर स्प्रिंगने वजनाला वरून खाली ढकलले पाहिजे, आणि आकड्याने अडकवलेले वजन स्प्रिंगला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. त्यामुळे वजन क्षणभर आकड्यातून सैल होते आणि वर फेकलेल्या दगडासारखे आपल्या वजनाने परत येते. ते परत येऊन आकड्यात बसते, तो तुमचा "टक्". एवढ्या पट्ट्यात बल अंतरानुसार वाढायचे थांबले, म्हणजे तेवढ्यापुरते वजन नारळाच्या नियमाने चालले आणि वेळ वाढला. मी हिशोब केला, तर एका आंदोलनामागे सुमारे ०.०१६ सेकंद, म्हणजे वीस आंदोलनांमागे साधारण ०.३ सेकंद वाढ येते. तुम्हाला ०.२ च मिळाली, कारण प्रत्येक टकटकीला थोडी ऊर्जा जाऊन आयाम उतरत गेला असणार. स्पष्टच सांगायचे तर, बोटाने चालवलेल्या स्टॉपवॉचवर ०.२ सेकंदांचा फरक एकट्याने विश्वासार्ह नसतो. इथे त्या आवाजाचा पुरावा मी घड्याळापेक्षा भक्कम मानतो. वजन मध्यापासून जेवढे ओढायचे ते अंतर स्थिर ताणापेक्षा नेहमी कमी ठेवा, म्हणजे हे होणार नाही.

१२.७ आणि १३.१ मधला फरक मात्र हाताचा नाही. सूत्रात तुम्ही फक्त वजनाचे २०० ग्रॅम घातले, पण स्प्रिंगचे ४० ग्रॅमही हलत असतात. वाशाकडचे वेढे जवळजवळ स्थिर असतात आणि वजनाकडचे वेढे वजनाइतक्याच वेगाने जातात, मधले त्या प्रमाणात. वेग सगळीकडे सारखा नसल्याने पूर्ण ४० ग्रॅम धरायचे नाहीत. अर्धे धरावेत असे पहिल्यांदा वाटते, पण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे वाटा एक तृतीयांश पडतो. म्हणजे २०० ऐवजी सुमारे २१३ ग्रॅम धरा. एका आंदोलनाला ०.६५५ सेकंद आणि वीस आंदोलनांना १३.१ सेकंद येतील. तुमच्या मुलांनी मोजमाप चांगले केले आहे.

अबोली
मी मालवणची, बारावीत आहे. माझ्याकडे स्प्रिंग नव्हती, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून तिला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली टांगली. माझ्याकडे लहान आयामाला १५ आंदोलनांचा वेळ कमी आला आणि मोठ्या आयामाला स्पष्टपणे जास्त आला. शिवाय वीसपंचवीस आंदोलनांत सगळे थांबते. माझी मोजण्यात चूक झाली का? वहीत मी "आवर्तकाल आयामावर अवलंबून नाही" असे आधीच लिहून ठेवले आहे.

दीपस्तंभ
तुझ्या मोजण्यात चूक झाली असेलच असे नाही, आणि वहीतले वाक्य तू खोडण्याची गरज नाही. त्यापुढे "स्प्रिंगसाठी" असे लिही. रबराचे बल अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीला रबर कडक असते, थोडे ताणले की मऊ पडते आणि शेवटी, तुटायच्या जवळ, पुन्हा कडक होते. शिवाय ताणताना जेवढे बल लागते, त्यापेक्षा सैल होताना ते कमी बल परत देते. मधली ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून तुझी बाटली लवकर थांबते. एक कर: बाटली रिकामी टांग, मग प्रत्येक वेळी ५० मिलिलिटर पाणी ओत आणि पट्टी किती लांबली ते मोज. लांबी प्रत्येक वेळी सारखीच वाढत असेल, तर आवर्तकालही आयामावर अवलंबून असायला नको. ती सारखी वाढत नसेल, तर आवर्तकाल बदलणारच, हे तुला आंदोलन न मोजताही आधी सांगता येईल.

अबोली
सर, मोजले. पहिल्या पाच ओतण्यांत वाढ प्रत्येक वेळी थोडी थोडी जास्त होत गेली, म्हणजे पट्टी मऊ पडत गेली. पण बाटली पूर्ण भरून, वर एक दगड बांधून पाहिले, तेव्हा वेळ आयामाबरोबर वाढतो आहे की कमी होतो आहे, ते ठरवताच आले नाही. तीन वेळा तीन वेगळी उत्तरे आली.

दीपस्तंभ
जड वजनाला तुझी पट्टी मऊ आणि कडक यांच्या मधल्या भागात गेली असेल, तर खाली जाताना ती कडक वागेल आणि वर येताना मऊ. मग दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध काम करतील. पण रबर तापले, की पट्टी कायमची थोडी लांबली, की गाठ सरकली, हे इथे बसून सांगता येणार नाही. गाठीच्या जागी शाईने खूण करून पुन्हा पाहा.

जेटीवाला
माझा प्रश्न वेगळा होता हे समजले, आणि टोपली हलकेच व जोराने दाबून पाहिली. लय तीच राहते, हे मान्य. मात्र आमचा काटा पावसाळ्यात आतून गंजला आहे. तो थांबतो तेव्हा काटा दर वेळी वेगळ्या आकड्यावर थांबतो, कधी शंभर ग्रॅम वर, कधी खाली. यामुळेही लय बदलत असेल का?

दीपस्तंभ
गंजाच्या कोरड्या घर्षणाचे बल साधारण ठरावीक असते आणि ते नेहमी हालचालीच्या उलट लागते. खाली जाताना ते मध्यस्थान थोडे वर सरकवल्यासारखे वागते आणि वर येताना थोडे खाली. स्प्रिंग तीच, टोपली तीच, त्यामुळे प्रत्येक अर्ध्या फेरीचा वेळ बदलत नाही. फक्त प्रत्येक फेरीला आयाम ठरावीक मापाने उतरतो आणि शेवटी जिथे मध्याकडे ओढणारे बल घर्षणापेक्षा कमी पडते, तिथे काटा अडकतो. म्हणून तुमची लय बरोबर राहील आणि आकडा चुकेल. काट्याला हलकी टिचकी मारून दोनतीनदा वाचन घेतले तर खरा आकडा त्यांच्या मध्ये कुठेतरी सापडेल, पण गिऱ्हाइकासाठी काटा साफ करून तपासून घेणेच योग्य.

खाडीकाठ
आज पुन्हा प्रयोग केला. आयाम ६ सेंटिमीटरवर ठेवून वजन सोडले आणि न थांबवता सलग १०० आंदोलने मोजायचे ठरवले. आयाम आपोआप उतरत जातो, तेव्हा दर वीस आंदोलनांचा वेळ तोच राहतो का, हे एकाच खेपेत दिसेल असा विचार होता. पहिल्या वीसला १३.१, दुसऱ्या वीसला १३.१. पण साठ आंदोलनांच्या सुमारास वजन बाजूला झुलू लागले आणि वरखाली होणे जवळजवळ थांबलेच. थोड्या वेळाने झुलणे कमी झाले आणि वरखाली होणे पुन्हा सुरू झाले. वारा नव्हता, पडवीची ताटी बंद होती. वाशापासून वजनाच्या मध्यापर्यंतचे अंतर ४२ सेंटिमीटर आहे.

दीपस्तंभ
४२ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल १.३० सेकंद येतो, आणि तुमच्या स्प्रिंगचा ०.६५५ सेकंद. म्हणजे एका झोक्याच्या काळात वजन जवळजवळ नेमके दोनदा वरखाली होते. अशा जुळणीत अगदी लहानसा बाजूचा झोका प्रत्येक वेळी योग्य क्षणी ओढला जातो आणि वाढत जातो. वरखाली होण्याची ऊर्जा झुलण्यात जाते आणि मग परत येते. स्थिर ताण एकूण लांबीच्या सुमारे चौथा भाग असला की हे होते. तुमचा ताण १० आणि लांबी ४२, म्हणून सापडलात. वासा आणि स्प्रिंग यांच्यामध्ये १५ सेंटिमीटरची न ताणणारी दोरी घाला, म्हणजे जुळणी मोडेल. नायलॉनची नको, ती स्वतःच ताणते.

खाडीकाठ
सुताची दोरी घातली. पाच वेळा वीस आंदोलने सलग मोजली: १३.१, १३.१, १३.२, १३.१, १३.१ सेकंद. तेवढ्यात आयाम ६ सेंटिमीटरवरून २ च्या जवळ आला होता, आणि मोजणारा तोच मुलगा होता. आता तो विचारतो आहे की अबोलीची पट्टी आमच्याकडे टांगता येईल का.